मुख्य व्यवसायाची विक्री: मत आधी, समभाग नंतर

«मी म्हापशात राहतो, नोकरी करतो, पत्नी गृहिणी आहे. पणजीत नोंदणीकृत कार्यालय असलेल्या एका सूचीबद्ध कंपनीचे ३,००० समभाग मी २०१९ मध्ये ६० रुपयांनी घेतले. आज भाव १४० आहे. कंपनी आपला मुख्य व्यवसाय बाहेरच्या खरेदीदाराला १५० कोटींना विकणार असून सभा अठरा दिवसांवर आहे. एका भागधारकाने हरकतीची नोटीस कंपनीला दिली असून तिच्यावर माझीही सही मागितली आहे. सही करू, की समभाग विकून मोकळा होऊ?»

हरकतीच्या नोटिशीने सभा थांबत नाही. भागधारकाचे निवेदन सर्व सभासदांना पाठवण्यास कंपनीला भाग पाडायचे, तर मतदानाचा हक्क असलेल्या भांडवलाचा दहावा हिस्सा मागणीमागे असावा लागतो आणि ती मागणी सभेच्या किमान दोन आठवडे आधी कंपनीकडे पोहोचावी लागते; म्हणजे तुमच्या हातात चारच दिवस आहेत. तेवढे भांडवल जमत नसेल, तर सही करूनही ती नोटीस कंपनीच्या फायलीतच राहील. सही करायला हरकत नाही, पण खरे बळ मतात आहे.

अशा विक्रीला विशेष ठराव लागतो, म्हणजे बाजूची मते विरोधातील मतांच्या किमान तिप्पट हवीत. तुमच्या कंपनीचे एकूण एक कोटी समभाग आहेत आणि त्यांपैकी ६२ टक्के प्रवर्तकांकडे आहेत, असे धरू. मग या कसोटीवर ठराव पाडण्यासाठी पावणेएकवीस लाखांच्या आसपास विरोधी मते लागतील, जे जवळजवळ अशक्य आहे. मात्र सेबीच्या २०२३ पासूनच्या नियमानुसार सूचीबद्ध कंपनीच्या अशा विक्रीत केवळ सार्वजनिक भागधारकांची मते वेगळी मोजली जातात आणि त्यांतही बाजूची मते विरोधापेक्षा जास्त असावी लागतात. सार्वजनिक भागधारकांपैकी बहुतेक मतदानच करत नाहीत. समजा सहा लाखच मते पडली, तर तीन लाख विरोधी मतांनी ठराव पडतो, आणि त्या तीन लाखांत तुमची तीन हजार म्हणजे शेकडा एक.

हे मत देण्यासाठी कट-ऑफ तारखेला समभाग तुमच्या डीमॅट खात्यात असले पाहिजेत. ही तारीख सभेच्या सात दिवसांहून आधीची असू शकत नाही आणि सभेच्या सूचनेत छापलेली असते. त्यानंतर समभाग विकले तरी मत तुमचेच राहते. दूरस्थ ई-मतदान सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता बंद होते आणि दिलेले मत बदलता येत नाही.

आता पैशांचा हिशेब करू. १५० कोटींतून भांडवली नफ्यावरील कर वजा जाऊन सुमारे १३५ कोटी उरतील आणि कंपनीकडे आणखी २० कोटींची रोकड आहे, असे धरले तर प्रत्येक समभागामागे १५५ रुपये होतात. भाव १४० असल्याने थांबावेसे वाटेल, पण भागधारकांच्या हातात किती येणार हे विक्रीच्या किमतीवरून ठरत नाही. समजा त्यातून ६० रुपये लाभांश जाहीर झाला, तर उरलेले ९५ रुपये व्यवसाय नसलेल्या कंपनीत प्रवर्तकांच्या मर्जीवर राहतील. बाजाराने त्यांची निम्मी किंमत धरली, तर एकूण १०७.५० रुपये होतात. शिवाय लाभांशावर तुमच्या करश्रेणीनुसार कर लागतो. विरोधी मत दिलेल्याला ठरलेल्या किमतीला बाहेर पडण्याचा वेगळा हक्क अशा विक्रीत नसतो.

गोव्यातील एक बाब तुमच्या बाजूने आहे. सामाईक मालमत्तेच्या पद्धतीखालील दांपत्याचे पगाराव्यतिरिक्त उत्पन्न प्राप्तिकरासाठी पती-पत्नीत निम्मे वाटले जाते. तुमच्या विवाहाला ही पद्धत लागू असेल, तर सर्व समभाग विकूनही २ लाख ४० हजारांचा नफा प्रत्येकी १ लाख २० हजार होतो आणि सूचीबद्ध समभागांच्या दीर्घकालीन नफ्यावरील सव्वा लाखाच्या सवलतीत बसतो, फक्त त्याच वर्षी दोघांपैकी कोणाचा दुसरा असा नफा नसावा. करासाठी थांबण्याचे कारण उरत नाही.

म्हणून मी कट-ऑफ तारखेपर्यंत थांबेन, मत देईन आणि मग दोन हजार समभाग विकेन. मधल्या दिवसांत भाव उतरण्याची जोखीम मात्र पत्करावी लागेल. तोवर पणजीच्या कार्यालयात जाऊन सूचनेच्या स्पष्टीकरणात उल्लेखलेली कागदपत्रे पाहा. ती सभासदांना पाहण्यासाठी खुली ठेवावी लागतात. मूल्यांकन अहवालाची तारीख पाहा, विक्रीच्या रकमेचा विनियोग किती नेमका लिहिला आहे ते पाहा आणि स्पर्धा न करण्याबद्दल प्रवर्तकांना वेगळी रक्कम मिळते आहे का, हेही शोधा. अशी रक्कम असेल, तर ती विक्रीच्या किमतीतूनच तुमच्या वाट्याची कापून घेतली, असे मी समजेन आणि विरोधातच मत देईन. विनियोगाच्या जागी केवळ «नव्या संधींसाठी» एवढेच असेल, तर उरलेले एक हजार समभागही ठेवणार नाही.