ओटीपी कोणाच्या फोनवर येतो?

«मॅडम, नऊ वर्षं एकाच ठिकाणी अकाउंट्स अन् डिस्पॅच सांभाळून राहिले. आता राजीनामा दिला, ३० दिवसांची नोटीस आहे. मालक म्हणतात, सगळं लिहून दे, मगच रिलिव्हिंग लेटर. नेमकं काय काय लिहू? अन् लिहून दिल्यावरही रोज फोन येतील, काही चुकलं तर माझ्याच माथी मारतील, याचंच टेन्शन येऊन राहिलं.»

हा प्रश्न घेऊन वैशाली (नाव बदललं आहे) माझ्याकडे बजाजनगरला आली, तेव्हा तिच्या पिशवीत दोनशेपानी वही होती. एक्केचाळीस पानं भरलेली. कंपनी हिंगणा एमआयडीसीतली, फॅब्रिकेशनची, मालकाच्या एकट्याच्या नावावर. राजीनामा ३ तारखेला दिलेला, आमची भेट ५ तारखेला.

मी वही चाळली. तारखेवार सगळं होतं, पण वाचून कोणाला एकही काम करता आलं नसतं. ‘ई-वे बिल काढणे’, ‘बँकेचं बघणे’, ‘रिटर्न भरणे’. तिच्या दृष्टीने ही पूर्ण वाक्यं होती, कारण उरलेलं तिच्या हातांना माहीत होतं. एचआरमध्ये बारा वर्षं काढल्यावर एक कळलं आहे: माणूस जितका हुशार, तितकी त्याची हँडओव्हरची नोंद त्रोटक.

मी वही बाजूला ठेवली अन् एवढंच विचारलं, “जीएसटीचं रिटर्न भरताना ओटीपी कोणाच्या फोनवर येतो?”

“माझ्याच.”

“का बरं?”

“२०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा नोंदणी मीच केली. भाऊ, म्हणजे आमचे मालक, म्हणाले, तुझाच नंबर टाक, मला कुठे वेळ आहे.”

तिच्या भीतीचं मूळ इथे सापडलं. मालकी फर्मचं रिटर्न ओटीपीने भरता येतं, आणि तो ओटीपी अधिकृत सहीकर्त्याच्या नोंदलेल्या मोबाइलवर आणि ईमेलवर जातो. कागदावर सहीकर्ता मालक, नंबर मात्र हिचा. मग वही कितीही सुंदर लिहिली तरी दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेला फोन येणारच होता. अजून खोदलं तर कंपनीचं जीमेलही हिनेच उघडलेलं, अन् त्याचा रिकव्हरी नंबर? तोही हिचाच.

म्हणून माझ्या हँडओव्हरच्या नमुन्यातला ‘सिस्टिमचा ॲक्सेस’ हा भाग, जो बहुतेक जण शेवटच्या संध्याकाळी उरकतात, तो आम्ही सगळ्यात आधी घेतला. प्रत्येक लॉगिनपुढे चार गोष्टी: खातं कोणाच्या नावावर, ओटीपी कुठे जातो, यापुढे कोण वापरणार, आणि बदल कोणत्या तारखेला झाला. पासवर्डचा रकाना मुद्दाम ठेवला नाही. कागद दहा हातांतून जातो. पासवर्ड मालकांच्या समोर बसून बदलायचे आणि नोंदीत फक्त ‘बदलले, यानंतर मला प्रवेश नाही’ असं तारखेसह लिहायचं. उद्या काही गडबड झालीच, तर तिच्यासाठी एवढी ओळ फार कामाची.

जीएसटी पोर्टलवर नंबर बदलणं अवघड नाही. `Services > Registration > Amendment of Registration Non-Core Fields` इथे जाऊन सहीकर्त्याचा नवा मोबाइल आणि ईमेल टाकायचा, त्यांवर आलेले ओटीपी भरायचे, सही करून अर्ज पाठवायचा. मात्र माल पाठवताना काढायच्या ई-वे बिलाच्या पोर्टलवर नवा नंबर आपोआप दिसेल असं गृहीत धरायचं नाही, तिथे जाऊन तपासायचं. शिवाय तिथे मुख्य लॉगिन कोणाला देण्याची गरजच नसते. डिस्पॅचच्या माणसासाठी सब-यूजर करता येतो, त्याचा ओटीपी त्याच्याच मोबाइलवर.

अवघड होते ते भाऊ. “राहू दे नं, ओटीपीच तर सांगायचा आहे!” असं म्हणून त्यांनी दोनदा टाळलं. तिसऱ्यांदा वैशालीने वाद घातला नाही. माझ्या सांगण्यावरून तिने हीच गोष्ट ‘प्रलंबित कामं’ या तक्त्याच्या पहिल्या ओळीत लिहिली: नंबर बदलणं बाकी, निर्णय मालकांकडे, शेवटची तारीख १८; न बदलल्यास २० तारखेचं रिटर्न, जीएसटीआर-३बी, अडेल, उशिराला दिवसाला ५० रुपये फी आणि थकलेल्या करावर १८ टक्के व्याज. खाली सहीची जागा. स्वतःच्या नावापुढे असं लिहिलेलं बघून भाऊंनी १७ लाच नंबर बदलला.

त्या तक्त्यातल्या बाकीच्या ओळीही आम्ही अशाच घडवल्या. तिचं मूळ वाक्य होतं, ‘एका सप्लायरचं बिल मॅच होत नाही’. ते झालं असं: या सप्लायरचं अमुक नंबरचं बिल पोर्टलवरच्या खरेदी-बिलांच्या यादीत, जीएसटीआर-२बी मध्ये, दिसत नाही, त्याला दोनदा सांगितलं, शेवटचं ४ तारखेला, बिलाची प्रत डाव्या कपाटात, हिरव्या फाइलमध्ये, १४ तारखेला नवा २बी आला की आधी हे बघायचं, नसेल तर त्याचं पुढचं पेमेंट थांबवायचं की नाही ते भाऊंना विचारायचं. आतापर्यंत काय झालं, पुढची पाळी कोणाची, कधी, आणि कागद कुठे. एवढं असलं की ओळ स्वतःच्या पायावर उभी राहते.

संपर्कांची यादी फारशी लांबवली नाही. वाडीच्या ट्रान्सपोर्टरपुढे तिने लिहिलं होतं ‘फार कटकट्या’, ते मी खोडायला लावलं. त्याऐवजी ‘गाडी रस्त्यात अडकली तर लगेच फोन करणे, ई-वे बिलाची मुदत ती संपायच्या आधीच्या किंवा नंतरच्या ८ तासांतच वाढवता येते’ असं लिहिलं. नंबरापेक्षा तो कधी फिरवायचा, हे नव्या माणसाला जास्त हवं असतं.

नवा मुलगा ९ तारखेला आला. मी वैशालीला सांगितलं होतं, ११ चं विक्रीचं रिटर्न, जीएसटीआर-१, त्याला कागद बघून भरू दे, तू हात मांडीवर ठेवून बस, बोलू नको. तिला ते भलतंच जड गेलं. मुलगा चार ठिकाणी अडला, आणि चारही ठिकाणं अशी होती की आपण तिथे काही करतो हेच तिला आठवत नव्हतं. टॅलीतून जेएसओएन फाइल काढण्याआधी ती रद्द झालेल्या बिलांचे नंबर एका चिठ्ठीवर टिपायची, हे त्यातलं एक. ते चार मुद्दे कागदात गेले. २० तारखेच्या रिटर्नला तो एकदाच अडला, तेही ओटीपीसाठी. भाऊ वर्ध्याला लग्नात जेवत होते. फोन त्यांनाच गेला.

शेवटच्या दिवशी तीन सह्या झाल्या: तिची, मुलाची, भाऊंची. वर लिहिलं, ‘या तारखेपर्यंतची स्थिती’. एक प्रत तिने स्वतःकडे ठेवली. कंपनीच्या बाकी फाइली, ग्राहकांच्या याद्या काही नेलं नाही. इतकं करूनही रिलिव्हिंग लेटर मिळायला नऊ दिवस लागले. सहीचा कागद मालकाचा मूड बदलत नाही, फक्त ‘हिने काही सांगितलंच नाही’ हे कारण काढून घेतो.

पुढच्या महिन्यात तिला तीन फोन आले. पहिल्या दोन्ही वेळी तिने कागदातल्या ओळीचा नंबर सांगितला आणि फोन ठेवून दिला. तिसरा मुलाचा होता: “ताई, हिरवी फाइल डाव्या कपाटात आहे, ते वाचलं. पण कपाटाची किल्ली?”

किल्ली तिच्या पर्समध्ये होती. त्या दिवसापासून माझ्या नमुन्यात ॲक्सेसच्या तक्त्याची पहिली ओळ किल्ल्यांची असते.