बाईंच्या पंच्याहत्तरीचं कार्ड : चार ओळींत काय लिहावं?

प्रश्न : नववी-दहावीला भूमिती शिकवणाऱ्या बाईंची पंच्याहत्तरी आहे. 'आपल्या अमूल्य मार्गदर्शनामुळेच मी आज इथे आहे' याच्यापुढे गाडी जात नाही. आठवतं एवढंच, की पक्ष आणि साध्य लिहिलं नाही तर वही परत यायची. मी आता विमा कंपनीत दावे तपासते. काय लिहू?

उत्तर : परत येणारी वही, बस्स. तुम्ही जे 'एवढंच' म्हणून बाजूला ठेवलंत, तेच कार्डावर जायला हवं.

तुमच्या वाक्यातलं 'भूमिती शिकवणाऱ्या' काढून 'पोहायला शिकवणाऱ्या' घातलं तरी 'अमूल्य मार्गदर्शन' जागेवरून हलत नाही. वही मात्र दुसऱ्या कुणाच्या कार्डात बसणार नाही. म्हणून आधी विशेषणं खोडा आणि बाई काय *करायच्या* ते क्रियापदात लिहा.

मग त्या सवयीचं आज काय झालं, ते. इथे बहुतेकांचा हात सुटतो आणि सगळं आयुष्यच बाईंच्या नावावर केलं जातं. वर्गात पन्नास-साठ मुलं असायची हे बाईंना ठाऊक असतं, त्यामुळे एवढं मोठं श्रेय त्या हसून सोडून देतात. लहान, खरं श्रेय पटतं. दावा तपासताना कागदांवरून काय दिसतं आणि काय ठरवायचंय हे तुम्ही वेगळं मांडत असाल, तर ते पक्ष-साध्यच झालं. मांडत नसाल तर मात्र ओढूनताणून आणू नका. नुसती वहीही पुरते.

आणि 'आपण' काढा. वर्गात 'बाई, तुम्ही' म्हणत होतात ना? 'आपण' आलं की कार्डाचं मानपत्र होतं आणि मागोमाग 'ऋणी', 'कृतार्थ' आपसूक येतात.

साधारण असं :

> बाई, नमस्कार.
> पक्ष आणि साध्य लिहिलेलं नसलं की तुम्ही पुढची सिद्धता वाचत नव्हतात, वही तशीच परत यायची. तेव्हा फार राग यायचा. आता विम्याचा दावा हातात आला की मी आधी दोन ओळी लिहिते : कागद काय सांगतात आणि ठरवायचं काय आहे. ही सवय तुमच्या वहीतली.
> पंच्याहत्तरीच्या खूप शुभेच्छा!

'राग यायचा' हे वाक्य शिष्टाचारापायी गाळू नका. मजकूर छापील वाटत नाही तो त्याच्यामुळेच. पण खरंच राग येत असेल तरच. तसंच, बाईंचे नेमके शब्द आठवत नसतील तर अवतरणचिन्हात काही घालू नका. शिकवणाऱ्याला स्वतःची बोली ओळखता येते, बनावट वाक्य लगेच खटकतं.

पदोन्नती, बदली, मुलांची शिक्षणं कार्डावर नकोत, ती भेटीत सांगा. अक्षर मात्र मोठं काढा, शक्यतो काळ्या शाईत. चकाकत्या कार्डावर जेल पेन फिसकटतं, तेव्हा कोपऱ्यात आधी एक रेघ ओढून बघा.