ठसका लागत नाही, तरी पाणी का नको?

प्रश्न: "बाबांना पॅरालिसिसचा झटका येऊन आज सहावा दिवस. नाकातून नळी आहे. सारखं पाणी मागतात. काल आईने चमच्याने दोन-तीन घोट दिले, साधा ठसकाही लागला नाही. तरी स्पीच थेरपिस्ट तोंडाने काही देऊ नका म्हणतात. असं का?"

आईला बोलू नका. तहानलेल्या नवऱ्याला पाणी नाही म्हणणं किती जड जातं, ते मी रोज वॉर्डात बघते. पण चमचा आजच्या आज बाजूला ठेवा. तुम्ही ठसक्यावर भरवसा ठेवलाय, आणि झटक्यानंतर नेमका तो ठसकाच बंद पडलेला असू शकतो.

आपण घोट गिळतो तेव्हा कंठमणी वर आणि पुढे सरकतो, श्वासनलिकेवर झाकण येतं, स्वरतंतू मिटतात आणि श्वास क्षणभर थांबतो. हे सगळं एका सेकंदाच्या आत होतं. झटक्यानंतर ही क्रिया बऱ्याचदा उशिरा सुरू होते. घट्ट पदार्थ तेवढा वेळ जिभेवर थांबतो. पाणी थांबत नाही. ते घशात घसरतं तेव्हा श्वासनलिका अजून उघडीच असते. निरोगी माणसाला अशा वेळी जोरात ठसका लागतो, कारण स्वरयंत्राला थेंबाचा स्पर्श कळतो. झटक्याने ती संवेदना बोथट झाली की पाणी फुप्फुसाकडे जातं आणि माणूस शांत बसून असतो. याला आम्ही सायलेंट ॲस्पिरेशन म्हणतो. पाण्यासोबत तोंडातले जंतू खाली जातात आणि पुढच्या एक-दोन दिवसांत ताप, धाप, न्यूमोनिया.

मीही कोल्हापुरात स्पीच थेरपिस्टचंच काम करते, म्हणून एका पेशंटचं सांगते. करवीर तालुक्यातले एक आजोबा, वय अडुसष्ट, डावी बाजू लुळी. बोलणं थोडं जड, पण कळण्यासारखं. चौथ्या दिवशी घरच्यांनी डब्यातून पांढरा रस्सा आणला आणि वाटीभर पाजला. अंगात ताकद यावी, एवढीच त्यांची इच्छा. ठसका नाही, खोकला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप चढला, श्वास जलद झाला. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात डाग दिसला. मला बोलावलं तेव्हा त्यांची सून रडत होती, "आम्हीच केलं का हो ताई हे?"

ताप उतरून ते नीट जागे राहू लागल्यावर मी तपासलं. पेशंट पेंगत असेल तर मी तपासणीला हातच लावत नाही. आधी ओठ, जीभ, टाळू कसे हलतात ते पाहिलं. मग म्हटलं, "आजोबा, मुद्दाम खोकून दाखवा." खोकला आला, पण हवा फुसकन सुटल्यासारखा. मग त्यांना सरळ बसवून चार बोटं गळ्यावर ठेवली आणि एक चमचा, म्हणजे ५ मिली पाणी दिलं. कंठमणी वर यायला जवळजवळ तीन सेकंद लागले. प्रत्येक चमच्यानंतर मी त्यांना लांब "आ" म्हणायला लावत होते. पहिल्या दोन वेळा आवाज स्वच्छ होता. तिसऱ्या चमच्यानंतर तोच "आ" ओला झाला, गुळणी करताना येतो तसा घरघरता. ठसका तेव्हाही लागला नाही. मी तिथेच थांबले. तुमच्या आईला काल हा आवाज कदाचित ऐकूही आला असेल, पण तो ऐकायचा असतो हे कुणी सांगितलेलं नसतं.

मात्र खाटेशेजारच्या या तपासणीला मर्यादा आहे. आत काय चाललंय याचा मला बाहेरून अंदाजच येतो, आणि काही पेशंटचा आवाजही बदलत नाही. म्हणून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांबरोबर नाकातून बारीक दुर्बीण घालून पाहिलं. (दुसरी पद्धत म्हणजे बेरियम मिसळलेला घास गिळताना एक्स-रेचा व्हिडिओ काढणं.) हिरवा रंग घातलेलं पाणी स्वरतंतूंच्या खाली गेलेलं पडद्यावर स्पष्ट दिसलं, आणि आजोबा आमच्याकडे बघत शांत बसले होते. सुनेलाही ते दाखवलं. त्यानंतर मला तिला काही समजवावं लागलं नाही.

त्याच तपासणीत वाटही सापडली. तेच पाणी थोडं घट्ट करून दिलं, तर ते श्वासनलिकेत गेलं नाही. फक्त घशाच्या डाव्या, लुळ्या बाजूला थोडं साचून राहिलं. मान डावीकडे वळवून गिळायला लावलं, तशी ती बाजू दबली आणि घोट उजवीकडून साफ उतरला. हनुवटी छातीकडे झुकवून गिळणं काहींना लागू पडतं, यांना मान वळवणं लागू पडलं. म्हणून शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची पद्धत आपल्या माणसावर वापरू नका.

घट्टपणा डोळ्यांनी ठरवायचा नसतो. मेडिकलमध्ये थिकनर पावडर मिळते. ती मिसळल्यावर १० मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढायचा, टोक बोटाने बंद करून वरून १० मिली भरायचं, मग बोट काढायचं आणि १० सेकंदांनी परत बंद करायचं. आजोबांसाठी आत ४ ते ८ मिली उरायला हवं होतं. सिरिंजही ठरावीक मापाची लागते: शून्यापासून दहाच्या खुणेपर्यंत ६१.५ मिलिमीटर. त्यांच्या सुनेने विचारलं, नाचणीची आंबील चालेल का? मी नको म्हटलं. आंबील गरम असताना पातळ असते, निवली की घट्ट होते आणि तोंडात लाळेने परत सैल पडते. आइस्क्रीमचंही तेच, घशात पोचेपर्यंत त्याचं पाणी झालेलं असतं.

थिकनरचा तोटाही सांगते. घट्ट पाण्याने तहान भागल्यासारखी वाटत नाही, माणसं कमी पितात आणि अंगातलं पाणी कमी होतं. म्हणून आजोबांची नळी आम्ही लगेच काढली नाही. दिवसातून तीनदा मी सांगितलेले चमचे तोंडाने, बाकी पाणी नळीतून. पंधरा दिवसांनी पुन्हा दुर्बिणीने पाहिलं. पाण्याचे छोटे घोट नीट उतरत होते, तेव्हा नळी काढली. त्या रविवारी त्यांनी पांढरा रस्सा चमच्या-चमच्याने, मान वळवून घेतला. मिसळ मात्र अजून बंद ठेवली. पातळ कट आणि कोरडी फरसाण एका घासात सांभाळणं सगळ्यात अवघड असतं.

आता तुमच्या बाबांचं. नळी असली तरी स्वतःची थुंकी श्वासनलिकेत जाऊ शकते, म्हणून दिवसातून किमान दोनदा त्यांचे दात आणि जीभ मऊ ब्रशने स्वच्छ करा. पाणी तोंडात साचू देऊ नका, लागलं तर सिस्टरांची मदत घ्या. ओठ कोरडे पडले तर ओला कापूस पिळून फिरवा, तहान तेवढ्यानेही थोडी शमते. नळीतून फीड देताना आणि नंतर निदान अर्धा तास पाठ उंच ठेवा. काल पाणी दिल्याचं थेरपिस्टना आणि डॉक्टरांना लपवू नका. ताप, जलद श्वास, घशात घरघर किंवा एरवीपेक्षा जास्त गुंगी दिसली तर रात्री दोन वाजतासुद्धा सिस्टरांना उठवा.

आणि उद्या राउंडला थेरपिस्टना विचारा, "दुर्बिणीची किंवा बेरियमची तपासणी करायची का, आणि पुढची चाचणी कधी?" झटक्यानंतर बऱ्याच जणांचं गिळणं पहिल्या काही आठवड्यांतच सुधारतं. आज दिलेला नकार म्हणूनच कायमचा नसतो, पण तो उठवायची तारीख चाचणी ठरवते.