शिकवणीच्या पोस्ट एकसारख्या दिसण्यासाठी रंग, फाँट कसे ठरवावेत?

प्रश्न: मी एकटाच शिकवण्या घेतो. माझी प्रत्येक पोस्ट वेगळ्याच माणसाने केल्यासारखी दिसते. रंग, फाँट, टेम्प्लेट एकदाच कसे ठरवून ठेवू?

उत्तर: मी गणित शिकवते आणि पोस्टही स्वतःच करते. सुरुवातीला मी आवडले म्हणून पाच रंग निवडले होते, आणि तिथेच फसले. कुठला रंग कशासाठी हे ठरलेलं नसल्यामुळे रोज नव्याने खेळ चालायचा. एकदा तर बॅचची वेळ पांढऱ्यावर पिवळ्या अक्षरांत टाकली आणि दिवसभर पालक विचारत राहिले, "वेळ काय?"

आता तीनच रंग आहेत आणि प्रत्येकाला काम नेमून दिलंय. पार्श्वभूमी `#FAF7F0`, सगळा मजकूर गडद निळा `#1B2A49`, आणि पिवळा `#FFC107` फक्त उत्तराखालच्या पट्टीला. पांढऱ्यावर या पिवळ्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर, जेमतेम 1.6 येतो, साध्या मजकुराला किमान 4.5 लागतो. तोच पिवळा गडद निळ्यावर ठेवला तर साडेआठच्या वर जातो. म्हणजे रंग वाईट नव्हता, जागा चुकली होती. हे कोड एका नोंदीत लिहून ठेवा. नजरेने "साधारण तोच" निळा निवडत गेलात, तर महिन्याभरात चार निळे जमतात.

फाँट निवडताना देवनागरी आणि इंग्रजी अक्षरं दोन्ही एकाच फाँटमध्ये आहेत का ते आधी बघा. नसतील तर मराठी शब्द गुपचूप दुसऱ्याच फाँटमध्ये उमटतात, आणि पोस्ट विस्कटलेली का दिसते ते कळतच नाही. मी मुक्ता वापरते: शीर्षकाला जाड, बाकीला साधा. दुसरा फाँट लागलाच नाही. ओळींमधलं अंतर 1.4 पट ठेवा, नाहीतर वरचे रफार आणि खालचे उकार एकमेकांत अडकतात. 1080 पिक्सेल रुंदीची पोस्ट फोनवर साधारण तिसऱ्या हिश्शाएवढी दिसते, म्हणून 36 पिक्सेलपेक्षा लहान अक्षर मी ठेवतच नाही.

टेम्प्लेट विषयानुसार करू नका, पोस्टच्या कामानुसार करा. माझी तीन आहेत: प्रश्न, सोडवलेलं उदाहरण, सूचना. ती बनवताना "शीर्षक येथे" असलं काही न भरता आपला सगळ्यात लांब मजकूर भरा. माझं उदाहरणाचं टेम्प्लेट तीन पायऱ्यांना छान दिसायचं. वर्गसमीकरणाच्या सात पायऱ्या आल्या की मी अक्षर बारीक करत बसायचे. आता नियम असा, की पाचाच्या पुढच्या पायऱ्या दुसऱ्या स्लाइडवर. आकार बदलायचा नाही.

मूळ टेम्प्लेट कधीच उघडून बदलू नका, आधी प्रत काढा. (मी दोनदा मूळावरच लिहिलंय.) आणि नऊ पोस्ट झाल्या की त्या एकत्र, छोट्या करून बघा. एखादी उठून दिसली, तर बहुतेक वेळा तिच्यात पिवळा मजकुरात शिरलेला असतो.