आधी लिही, मग वर्गात जा

अगं,

हर्णैच्या मुलांना भरती-ओहोटी शिकवण्याच्या तुझ्या प्रयोगाची फाइल आली. पहिल्या फेरीत मुलांचे गुण वाढले, दुसरीत घसरले, म्हणून तुझे मार्गदर्शक दुसरी फेरी प्रबंधातून गाळायला सांगताहेत. गाळू नकोस. त्या फेरीतच तर सगळं आहे. मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. शंभरेक पानांच्या फाइलीत, वर्गात जाण्याआधी तुला काय घडेल असं वाटत होतं, याचं एकही वाक्य सापडलं नाही.

शिक्षण-मानसशास्त्रज्ञ ॲन ब्राउन यांनी 1992 साली प्रयोगशाळेतलं संशोधन गजबजलेल्या वर्गात कसं न्यायचं ते लिहिलं, तेव्हापासून वर्गात करून बघायचं, बदलायचं आणि पुन्हा करायचं या पद्धतीवर एक आक्षेप सतत घेतला जातो: दर फेरीला तुम्ही चार गोष्टी बदलता, मग कशामुळे काय झालं ते कसं कळणार? याला माझं उत्तर एकच. आधी लिही. आणि दोन तुकड्यांत लिही, शिक्षण-संशोधक सँडोव्हाल यांनी 2014 मध्ये मांडलंय तसं. पहिला तुकडा: मी अमुक साधन दिलं की मुलं अमुक करतील, अमुक बोलतील. दुसरा: ती तसं करू-बोलू लागली की त्यांना अमुक समजेल. मुलांनी तसं केलंच नाही, तर साधन फसलं. केलं, पण समजलं नाही, तर शिकण्याबद्दलची तुझी कल्पनाच चुकीची. नुसते गुण बघून हा फरक कधीच कळत नाही.

आता तुझं भरती-ओहोटीचं प्रकरण घे. पहिल्या फेरीत तू विचारलंस, ‘अष्टमीला भरती किती वाजता?’ हर्णैच्या कोळ्याच्या पोराला हे विचारतेस? तिथीची पाऊणपट. आठ गुणिले पाऊण, सहा वाजता. आजोबांनी शिकवलेला हिशोब त्याने मांडला, चंद्राकडे बघायची गरजच पडली नाही. दुसऱ्या फेरीत तू प्रश्न बदललास: ‘भरती रोज उशिरा का येते?’ गुण घसरणारच! दोन वेगळ्या गोष्टी मोजल्यास आणि आकडे शेजारी ठेवून रडत बसलीस.

दुसऱ्या फेरीचं रेकॉर्डिंग पुन्हा ऐक. मुलं धक्क्यावर जाऊन वेळा टिपतील आणि ‘का’ यावर भांडतील, असं तुझ्या मनात असणार. प्रत्यक्षात त्यांनी पाऊणपटीनं तक्ता घरीच भरला. एक मुलगी म्हणतेही, ‘बाई, जायचं कशाला, येतंय की हिशोबानं.’ म्हणजे पहिलाच तुकडा तुटला. चंद्र समजावायच्या तुझ्या चेंडू आणि टॉर्चच्या मॉडेलची परीक्षा झालीच नाही, आणि तू मात्र तेच बदलायला निघालीस.

तिसऱ्या फेरीत तो हिशोबच मुलांसमोर ठेव. पौर्णिमा पंधरावी, म्हणजे सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, एक, म्हणजे पाऊण वाजता. एका दिवसात दीड तासाची उडी! समुद्र अशी उडी मारत नाही, तो त्या दिवशीही पाऊण तासाच्या आसपासच सरकतो. पंधरा तिथ्यांत भरती घड्याळाचे पूर्ण बारा तास सरकते, त्यासाठी दर तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं लागतात. आजोबांनी सोयीसाठी पंचेचाळीस धरली, तीच तूट पौर्णिमेला आणि अमावास्येला एकदम बाहेर येते. तेव्हा लिही: ही उडी मुलांच्या लक्षात आली की ती हिशोब आणि समुद्र ताडून बघतील. त्यांनी ताडून बघितलं की भरती घड्याळामागे नाही, चंद्रामागे चालते, हे ती स्वतःच्या शब्दांत सांगतील. तिथीचा क्षय नसलेला पंधरवडा निवड, नाहीतर उडी आणखी वाढून गोंधळ होईल.

आणि ‘पाणी सगळ्यात वर कधी होतं’ असं विचारू नकोस. भरतीच्या टोकाला पाणी बराच वेळ जागच्या जागी असतं, एक पोर दहाला म्हणेल, दुसरं साडेदहाला. धक्क्याची एक पायरी ठरव. पाणी चढताना तिला कधी लागलं आणि उतरताना कधी सुटलं, या दोन वेळांचा मध्य घे. पायरी खालची घे, भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या दिवसांत वरच्या पायरीपर्यंत पाणी पोचतच नाही.

मला कॉलेजात हेकट म्हणायचे. शिक्षक वर्गात शिरण्याआधी मी त्यांच्याकडून कागदावर अंदाज लिहून घ्यायचे, म्हणून एका सहकाऱ्याने माझ्याबरोबर काम करणंच सोडलं. त्याचं वाईट वाटतं. पण तो कागद मागणं मी बंद केलं नाही, आणि आजही करणार नाही. अंदाज नंतर लिहिला की माणूस जे घडलं तेच आपल्या मनात होतं असं शपथेवर सांगतो, तूही सांगशील.

फेरीच्या मध्येच काही बदलावंसं वाटलं तर बदल, या पद्धतीत ते चालतं. फक्त त्याच दिवशी तारीख घालून कारण लिही. आणि चाचणीत या वेळी दोन्ही प्रश्न ठेव, अष्टमीचाही आणि ‘का’चाही, म्हणजे मागच्या दोन्ही फेऱ्यांशी काहीतरी ताडता येईल. एकादशीच्या आत तो कागद मला पाठव. तो आल्याशिवाय मी पुढची फाइल उघडणार नाही.

तुझी,
बाई