इंग्रजी उताऱ्याचा मराठी अनुवाद: वाक्यरचना आणि वाक्प्रचार कसे सांभाळायचे?

प्रश्न: अनुवादाच्या परीक्षेत पाच-सहा ओळींचा इंग्रजी उतारा येतो. अर्थ कळतो, पण मराठीत लिहिला की वाक्यं ओढूनताणून केल्यासारखी वाटतात आणि वाक्प्रचारांचं तर हसूच होतं. नेमकं कसं करायचं?

उत्तर:

उत्तरपत्रिका तपासताना मला हेच वारंवार दिसतं. अर्थ चुकलेला नसतो, पण वाक्य इंग्रजीच्या क्रमाने चालत राहतं आणि क्रियापदापाशी पोचेपर्यंत त्याचा दम जातो. नुसते नियम सांगण्यापेक्षा एक छोटा उतारा तुमच्यासमोरच सोडवतो. उतारा मी तयार केलेला आहे, पण परीक्षेत येतो तसाच आहे. एकेक वाक्य घेऊ.

पहिलं वाक्य: ‘मार्था हॅड बीन ऑन द फेन्स फॉर वीक्स.’

‘मार्था आठवडे कुंपणावर होती’ असं लिहिणारे कमी असतात, पण ‘मार्था कुंपणावर बसली होती’ असं लिहिणारे बरेच. मराठीत कुंपणावर बसलेला माणूस म्हणजे कोणाची बाजू जड होते ते बघून उडी मारणारा संधिसाधू. मार्था तशी नाही, तिचा निर्णय होत नाहीये एवढंच. म्हणून वाक्प्रचार आला की आधी त्यातलं चित्र बाजूला ठेवा आणि त्या जागी माणसाचं नेमकं काय चाललंय ते साध्या मराठीत मनाशी म्हणा. ‘तिचं ठरत नव्हतं.’ आता त्यासाठी मराठीत तयार शब्द आहे का ते बघा. ‘द्विधा मनःस्थिती’ आहे, पण ती या साध्या वाक्याला जड होते. ‘तळ्यात-मळ्यात’ बरोबर बसतं, कारण मूळ शब्दही रोजच्या बोलण्यातला आहे. ‘कित्येक आठवडे मार्थाचे तळ्यात-मळ्यात चालले होते.’ आणि काहीच सुचलं नाही तर ‘कित्येक आठवडे मार्थाचा निर्णय होत नव्हता’ हेही पूर्ण बरोबर आहे. वाक्प्रचाराच्या बदल्यात वाक्प्रचारच द्यायला हवा, हा गैरसमज आहे. ओढूनताणून आणलेल्या म्हणीपेक्षा सरळ वाक्य कधीही चांगलं.

‘फॉर वीक्स’मधला अनेकवचनी जोर ‘कित्येक’मध्ये आला आहे, हेही बघून ठेवा. नुसतं ‘आठवडे’ मराठीत उघडं पडतं.

दुसरं वाक्य या उताऱ्याचं खरं दुखणं: ‘हर ब्रदर, हू हॅड नेव्हर लेन्ट हर अ पेनी इन हिज लाइफ, नाउ ऑफर्ड टु बाय द हाउस दॅट देअर फादर हॅड बिल्ट विथ हिज ओन हॅन्ड्स.’

इथे ठरलेलं उत्तर येतं: ‘तिचा भाऊ, ज्याने त्याच्या आयुष्यात तिला कधी एक पेनी उधार दिली नव्हती, त्याने आता ते घर विकत घेण्याचा प्रस्ताव दिला जे त्यांच्या वडिलांनी त्यांच्या स्वतःच्या हातांनी बांधले होते.’ व्याकरणाच्या पुस्तकात चूक दाखवता येणार नाही कदाचित, पण असं मराठीत कोणी बोलत नाही. भाऊ सुरुवातीला येऊन स्वल्पविरामात अडकून पडतो, आणि ‘घर विकत घेणं’ ही मुख्य गोष्ट सांगून झाल्यावर ‘जे’ने शेपूट लागतं.

अशा वाक्यात लिहायला घेण्याआधी मुख्य कर्ता आणि मुख्य क्रियापद यांच्याखाली पेन्सिलीने रेघ ओढा. इथे ते आहेत भाऊ आणि ‘ऑफर्ड टु बाय’. बाकीचे दोन तुकडे पाहुणे आहेत आणि दोघांची सोय वेगवेगळी करावी लागते.

‘दॅट देअर फादर हॅड बिल्ट’ हा तुकडा कोणतं घर ते सांगतो. तो लहान आहे, म्हणून त्याला ‘बांधलेले’ असं विशेषण करून घराच्या पुढे उभं करायचं: वडिलांनी स्वतःच्या हातांनी बांधलेले घर. ‘जे’ गेलं, शेपूट गेलं.

भावाबद्दलचा तुकडा मात्र वेगळा आहे. कोणता भाऊ ते तो सांगत नाही, भावाच्या स्वभावावर टोमणा मारतो. त्यालाही विशेषण केलं तर ‘आयुष्यात तिला कधी एक पैही उसनी न दिलेला तिचा भाऊ’ असं होतं आणि वाचणाऱ्याला भाऊ भेटेपर्यंत धाप लागते. शिवाय टोमण्याची धार जाते. इथे मराठीची स्वतःची जोडी वापरायची: ज्या आणि तो. फक्त एक अट. ‘ज्या’ नामाच्या आधी आला पाहिजे, इंग्रजीसारखा नामाच्या मागे नको. ‘ज्या भावाने आयुष्यात तिला कधी एक पैही उसनी दिली नव्हती, तोच आता…’ या ‘तोच’मध्ये इंग्रजीतल्या ‘नाउ’चा सगळा उपरोध येतो.

दोन वाक्यं केलीत तरी चालेल. ‘भावाने आयुष्यात तिला कधी एक पैही उसनी दिली नव्हती. आणि आता तोच…’ वाक्यांची संख्या मुळाइतकीच ठेवायची सक्ती नसते. अर्थाचा एकही तुकडा गळता कामा नये, एवढंच.

पेनीबद्दल एक सांगतो. इथे ती रक्कम नाही, ‘काहीच दिलं नाही’ म्हणण्याची पद्धत आहे, म्हणून ‘पै’. पण उताऱ्यात घर तीनशे पौंडांना विकलं असं असतं, तर पौंडांचे रुपये करायचे नाहीत. आणि ‘हर’, ‘देअर’, ‘हिज’ हे सगळे ‘तिचा, त्यांच्या, त्याच्या’ करून लिहायची गरज नसते. मराठीत नुसतं ‘भाऊ’, ‘वडील’ म्हटलं की कोणाचे ते कळतं. ‘ऑफर्ड’साठी ‘प्रस्ताव दिला’ चुकीचं नाही, पण बहीण-भावात प्रस्ताव जरा कचेरीतला वाटतो. मी ‘विकत घेतो म्हणत होता’ लिहीन.

तिसरं वाक्य: ‘इट वॉज नॉट अन्टिल द लॉयर रेड आउट द लेटर दॅट शी स्मेल्ड अ रॅट.’

इथे उंदीर सगळ्यांना दिसतो, पण मार्क ‘नॉट अन्टिल’मध्ये जातात. ‘वकिलाने पत्र वाचेपर्यंत तिला संशय आला नाही’ असं लिहिलं की जोर संशय न येण्यावर पडतो. मूळ वाक्याचा जोर संशय आला यावर आहे, आणि तो उशिरा आला यावर. यासाठी मराठीत नकार लागतच नाही. ‘वाचून दाखवले, तेव्हा कुठे’ म्हटलं की झालं. ‘रेड आउट’साठी ‘वाचले’ अपुरं आहे, ‘वाचून दाखवले’ हवं.

आता उंदीर. ‘कुठेतरी पाणी मुरतंय’ हा वाक्प्रचार अर्थाला अगदी चपखल आहे. पण लिहून बघा: ‘तेव्हा कुठे तिला वाटले की कुठेतरी पाणी मुरते आहे.’ दोन ‘कुठे’ एकमेकांवर आदळतात. म्हणून इथे ‘काहीतरी काळेबेरे’ बरं. आणि मूळ शब्दात संशय आहे, खात्री नाही, म्हणून ‘तिने ओळखले’ नको, ‘संशय आला’ हवं.

शेवटचं वाक्य: ‘“आय विल बिलीव्ह इट व्हेन आय सी द मनी,” शी सेड, ॲन्ड, फोल्डिंग द लेटर, लेफ्ट द रूम विदाउट सो मच ॲज अ ग्लान्स ॲट हिम.’

‘विदाउट सो मच ॲज अ ग्लान्स’ला मराठीत तयार जोडीदार आहे: ढुंकूनही न पाहता. ‘एका दृष्टिक्षेपाशिवाय’ असं लिहिलेलं मी वाचलं आहे. तिथे पेन थांबतं.

‘फोल्डिंग’चं ‘घडी घालत’ करायचं की ‘घालून’? ‘घालत’ म्हटलं तर ती चालता चालता घडी घालते आहे. इथे आधी घडी, मग बाहेर, म्हणून ‘घालून’. आणि इथेच एक चूक फार होते: ‘तिने पत्राची घडी घालून खोलीतून निघून गेली.’ लिहिताना ‘घडी घातली’ डोक्यात असतं म्हणून ‘तिने’ येतं, पण वाक्य संपतं ‘गेली’वर. ‘ऊन’ लागलेल्या क्रियापदाने कर्त्याचं रूप ठरत नाही, शेवटच्या क्रियापदाने ठरतं. म्हणून ‘ती घडी घालून गेली’, किंवा दोन्ही क्रियापदं मोकळी ठेवून ‘तिने घडी घातली आणि ती गेली’.

‘हिम’ म्हणजे कोण? भाऊ, हे संदर्भावरून कळतं, पण जवळचं नाम वकील आहे. ‘त्याच्याकडे’ लिहिलं तर वाचणारा अडखळतो. वकिलांना आदरार्थी बहुवचन द्या आणि इथे सरळ ‘भावाकडे’ लिहा.

सगळं जोडून:

‘कित्येक आठवडे मार्थाचे तळ्यात-मळ्यात चालले होते. ज्या भावाने आयुष्यात तिला कधी एक पैही उसनी दिली नव्हती, तोच आता वडिलांनी स्वतःच्या हातांनी बांधलेले घर विकत घेतो म्हणत होता. वकिलांनी ते पत्र वाचून दाखवले, तेव्हा कुठे तिला यात काहीतरी काळेबेरे असल्याचा संशय आला. “आधी पैसे दिसू देत, मग खरं मानीन,” असे म्हणून तिने पत्राची घडी घातली आणि भावाकडे ढुंकूनही न पाहता ती खोलीतून निघून गेली.’

निवेदनात ‘चालले’, ‘असे’ आणि मार्थाच्या तोंडी मात्र ‘खरं’ आहे, हे मुद्दाम. परीक्षेत निवेदन लेखी वळणाचं ठेवा, संवाद बोलीचा ठेवा, पण एकाचं वळण दुसऱ्यात मिसळू देऊ नका. मी हे उत्तर बोलीत लिहितोय, तसं निवेदन तिथे नको.

तपासताना दोन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत इंग्रजी उतारा झाकून फक्त मराठी वाचा. जिथे दुसऱ्यांदा वाचावं लागतं, तिथे बहुधा ‘ज्याने’, ‘जे’ किंवा ‘की’ चुकीच्या जागी असतं. दुसऱ्या फेरीत इंग्रजीच्या एकेका शब्दगटावर बोट ठेवून तो मराठीत कुठे आला ते शोधा. ‘नेव्हर’, ‘नाउ’, ‘ओन’ असे छोटे शब्द इथेच सापडतात, कारण वाक्य फिरवताना नेमके तेच गळतात.

आणि एखाद्या वाक्प्रचाराचा अर्थच माहीत नसेल तर? ‘ऑन द फेन्स’ कधी ऐकलं नसेल असं धरा. शेजारी ‘फॉर वीक्स’ आहे, म्हणजे ही बराच काळ टिकलेली अवस्था आहे. पुढे घर विकत घेण्याची गोष्ट येते, म्हणजे एक निर्णय समोर आहे, आणि शेवटपर्यंत होकार आलेला नाही. एवढ्यावर ‘मार्थाचे काही ठरत नव्हते’ इथपर्यंत पोचता येतं. पोचता आलं नाही तर त्या जागी आजूबाजूला विसंगत न वाटणारं साधं वाक्य लिहा. जागा कोरी सोडू नका आणि शब्दशः कुंपणही आणू नका. कोऱ्या जागेने मजकूर तुटतो आणि कुंपणाने पुढचं वाक्यही चुकीच्या अर्थाने वाचलं जातं.