योजनांचे किलोमीटर, राहूचे पात आणि पितळी शंकू: वाचकांच्या शंका

ग्रहण जवळ आले की आर्यभट, वराहमिहिर आणि ब्रह्मगुप्त यांच्याबद्दल त्याच त्या शंका येतात. त्यांतल्या काहींची ही उत्तरे.

प्रश्न: गुप्तकाळात दुर्बीण होती का?

नाही. सावली मोजायला शंकू, म्हणजे सरळ उभी काठी, होता, वेळेसाठी पाण्यात बुडणारे घटीपात्र होते आणि बाकी काम डोळ्यांचे.

प्रश्न: आर्यभटाने पृथ्वीचा परीघ ३९,९६८ किलोमीटर काढला, चूक अर्धा टक्कासुद्धा नाही, असा मेसेज आला आहे. परवाच्या भाषणात घेऊ का?

घेऊ नका. इ.स. ४९९ च्या सुमाराच्या आर्यभटीयात पृथ्वीचा व्यास १०५० योजने दिला आहे. परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर त्याने ६२,८३२ भागिले २०,०००, म्हणजे ३.१४१६ घेतले. त्यावरून परीघ येतो सुमारे ३२९९ योजने. इथपर्यंत पक्के आहे. किलोमीटर आला की गडबड सुरू होते.

त्याचे योजन म्हणजे ८००० पुरुष आणि पुरुष म्हणजे चार हात. म्हणजे एका योजनात ३२,००० हात. आता हात केवढा? ४५ सेंटिमीटर धरलात तर योजन १४.४ किलोमीटर आणि परीघ सुमारे ४७,५०० किलोमीटर. ३८ सेंटिमीटर धरलात तर परीघ ४०,१०० च्या आसपास, आणि मेसेज खूश. पण ३८ का? कारण आजचे उत्तर ४०,०७५ आहे, एवढेच. कापड मोजून झाल्यावर त्याला बेतून पट्टी कापावी, तसा हा प्रकार आहे. शिवाय त्या हिशेबाने पुरुषाची उंची अवघी दीड मीटर भरते, हे मेसेज लिहिणाऱ्याने पाहिलेलेच नसते.

दुसरी गोष्ट. वराहमिहिराच्या पंचसिद्धान्तिकेत परीघ ३२०० योजने आहे आणि इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्त ५००० देतो. पृथ्वी काही सव्वाशे वर्षांत फुगली नाही. योजनच वेगवेगळे होते. आर्यभटीयात आकडा आहे, तो कोणत्या दोन गावांमधले अंतर मोजून आला हे त्यात नाही. रीत म्हणून एवढे सांगता येते की एकाच रेखांशावरच्या दोन ठिकाणांचे अक्षांश काढायचे, मधले अंतर योजनांत मोजायचे आणि ३६० अंशांपर्यंत वाढवायचे.

योजनाची लांबी न ठरवताही तपासता येते ते गुणोत्तर. चंद्राचा व्यास त्याने ३१५ योजने दिला, म्हणजे पृथ्वीच्या ०.३० पट. आजचा आकडा ०.२७. चंद्राचे अंतर पृथ्वीच्या व्यासाच्या ३२.७ पट येते, आज आपण सरासरी ३०.२ म्हणतो. भाषणात हे सांगा, आणि त्याआधी संस्कृत जाणणाऱ्याकडून मूळ श्लोक समजून घ्या. परवाचे भाषण असेल तर हे काम आजच करा.

प्रश्न: ते लोक राहू-केतू मानत होते, मग ग्रहण अचूक कसे सांगत?

आर्यभट स्पष्ट लिहितो की चंद्राला पृथ्वीची सावली झाकते आणि सूर्याला चंद्र. गणितातला राहू म्हणजे चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते तो बिंदू, त्याला पात म्हणतात. राहूला ग्रहणाचे कारण न मानल्याबद्दल ब्रह्मगुप्ताने आर्यभटावर टीका केली, पण ग्रहणाचे गणित त्यानेही सावलीनेच केले. हा विरोधाभास मजेशीर आहे, पण ग्रहणाचे उत्तर त्याने बदलत नाही.

आता चंद्रग्रहण आर्यभटाच्या आकड्यांनी करून पाहू. सूर्याचा व्यास ४४१०, पृथ्वीचा १०५०, फरक ३३६०. सूर्याचे अंतर ४,५९,५८५ योजने. या अंतराला १०५० ने गुणून ३३६० ने भागले की पृथ्वीच्या सावलीची लांबी मिळते: सुमारे १,४३,६२० योजने. चंद्र ३४,३७७ योजनांवर आहे. सावलीच्या लांबीतून हे अंतर वजा करा, उरले त्याला १०५० ने गुणा आणि लांबीने भागा. चंद्रापाशी सावलीची रुंदी येते सुमारे ७९९ योजने. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. चंद्राच्या कक्षेत दहा योजनांची एक कला होते, म्हणून सावली ७९.९ कला आणि चंद्र ३१.५ कला.

दोघांच्या व्यासांची निम्मी बेरीज ५५.७ कला. चंद्र सूर्याच्या वाटेपासून उत्तरेला वा दक्षिणेला जितका सरकलेला असतो तो त्याचा शर. पौर्णिमेला शर ५५.७ कलांपेक्षा कमी असेल तरच ग्रहण. समजा चंद्र पातापासून ७ अंशांवर आहे. शर जास्तीत जास्त साडेचार अंश, म्हणजे २७० कला. त्याला ७ अंशांच्या ज्येने, म्हणजे साइनने, गुणले की शर ३२.९ कला. ग्रहण होणार, पण चंद्राच्या ३१.५ पैकी २२.८ कलाच झाकल्या जातील, म्हणून खंडग्रास. ५५.७ च्या वर्गातून ३२.९ चा वर्ग वजा करून मूळ काढले की ४५ कला. चंद्र सूर्यापेक्षा दिवसाला सुमारे ७३१ कला पुढे जातो. त्या हिशेबाने स्पर्शापासून मध्यापर्यंत ३.७ घटी आणि सगळे ग्रहण सुमारे ७.४ घटी, म्हणजे तीन तासांना थोडे कमी.

विद्यार्थी चुकतात ते इथे: एकदा काढून थांबतात. ग्रहण चालू असताना शर बदलतो, म्हणून स्पर्शाच्या वेळेचा शर पुन्हा घेऊन वेळ पुन्हा काढायची, उत्तर स्थिर होईपर्यंत. शिवाय वरचे आकडे मध्यम आहेत, त्या दिवसाचे अंतर आणि गती वेगळी असते. वेध पाळायचे असतील तर छापील पंचांग पाहा किंवा पंचांगकर्त्याला विचारा.

प्रश्न: त्यांचा सूर्य पृथ्वीच्या फक्त ४.२ पट होता, खरा १०९ पट आहे. मग ग्रहण जुळले कसे?

सगळे ग्रह दिवसाला सारखीच योजने चालतात, असे गृहीत धरले होते. म्हणून सूर्याचे अंतर चंद्राच्या फक्त १३.४ पट आले, प्रत्यक्षात ते सुमारे ३९० पट आहे. पण सूर्य जितका जवळ आला तितकाच लहानही झाला, त्यामुळे आकाशातली त्याची रुंदी ३३ कला, जवळजवळ बरोबर. जवळच्या सूर्यामुळे सावली सुमारे चार कला त्रिज्येने जास्त रुंद होते, आणि चंद्र जरा दूर धरल्यामुळे जवळपास तितकीच आकसते. दोन चुका एकमेकींना खातात. त्यामुळे ग्रहण जुळले म्हणून सूर्याचे अंतर बरोबर होते, असा निष्कर्ष काढू नका.

प्रश्न: ग्रहांच्या फेऱ्या कशा मोजल्या?

आर्यभट क्रम सांगतो: क्षितिज आणि सूर्याच्या योगावरून सूर्य, सूर्य-चंद्र योगावरून चंद्र, चंद्र-ग्रह योगांवरून ग्रह. गुरूच्या ४३,२०,००० वर्षांत ३,६४,२२४ फेऱ्या, म्हणजे एक फेरी ११.८६ वर्षांची, आजच्या इतकीच. तरीही शतकानुशतके बारीक चूक साठत जाते, म्हणून पुढच्या गणकांनी बीजसंस्कार नावाच्या दुरुस्त्या दिल्या. दुरुस्ती न लावता आजचा ग्रह काढू नका.

प्रश्न: शाळेसाठी पितळी, ‘मंत्रसिद्ध’ शंकू घ्यावा का? विक्रेता म्हणतो, त्याशिवाय मोजमाप अचूक येत नाही.

पैसे वाचवा. ३६ सेंटिमीटरची सरळ काठी घ्या. सपाट जमिनीवर वर्तुळ काढून ती मध्यावर रोवा आणि ओळंब्याने उभी आहे ना ते बघा. सकाळी सावलीचे टोक वर्तुळात शिरते आणि दुपारी बाहेर पडते, ते दोन बिंदू जोडले की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. तिला लंब काढलात की उत्तर-दक्षिण. विषुवदिनी मध्यान्हाची सावली या रेषेवर मोजा. पुण्यात ती १२ सेंटिमीटर भरेल, शंकूच्या एक तृतीयांश, त्यावरून अक्षांश साडेअठरा. काठी उत्तर-दक्षिण एक अंश कलली तर अक्षांशही अंशाने चुकेल, जमिनीवर १११ किलोमीटर. पितळेनेही ही चूक टळत नाही. सावलीची कडा पुसट असते, तिचा मध्य धरा. मध्यान्ह म्हणजे घड्याळाचे बारा नव्हेत, हे भूगोलाच्या शिक्षकांना आधी विचारून घ्या, आणि मुलांना सूर्याकडे बघू देऊ नका.